दोघांचा एकच डाव

मेल छोटाच होता. पाठवणारं जोडपं माझ्या जुन्या मैत्रीतलं, लग्नाला बरीच वर्षं झालेलं. मुलं झोपल्यावर मोबाइल बाजूला ठेवून अर्धा-पाऊण तास एकत्र खेळायचं असं दोघांनी ठरवलं होतं. रमीपासून सुरुवात झाली, मग कॅरम झाला, मग वसाहती उभारायचा आणि सामानाची देवघेव करायचा एक परदेशी पटाचा खेळ आला. तिन्हींचा शेवट सारखाच झाला. एक जण जिंकला, दुसरा गप्प झाला आणि पट आवरताना कुणीच बोललं नाही. मेलच्या शेवटी तिने लिहिलं होतं, ‘आम्हाला खेळायचंय, पण एकमेकांविरुद्ध नाही. असे खेळ असतात का? दोघांनाच खेळता येतील असे? तुला यातलं कळतं म्हणून विचारते.’

असे खेळ भरपूर आहेत. पण नुसती यादी पाठवून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून मी आधी उलट विचारलं, की वाजतं नेमकं कुठे? एकाने दुसऱ्याचं घर पाडलं, रस्ता अडवला, हवा असलेला पत्ता मुद्दाम दाबून ठेवला, त्या क्षणी? की एकाला खेळ फारच येतो आणि दुसरा रोजच हरतो, म्हणून? दुसरं कारण असेल तर उपाय सोपा आहे. कॅरममध्ये कच्च्या भिडूला चार-पाच गुण आधीच द्यायचे, की डाव बरोबरीचा होतो. त्यांचं उत्तर पहिल्या प्रकारचं आलं. हरण्याचं दोघांनाही फारसं काही नव्हतं. आपल्या माणसाने आपलं नुकसान मुद्दाम केलं, ते मात्र सहन होत नव्हतं. मला हे अगदी खरं वाटलं. दिवसभर एकमेकांसाठी राबणाऱ्या दोन माणसांनी रात्री अर्धा तास एकमेकांचा घात करायचा, हे सगळ्यांना जमतंच असं नाही.

अशा माणसांसाठी सहकारी खेळ आहेत. यात सगळे भिडू एका बाजूला असतात आणि समोर खुद्द खेळच असतो. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळे हरतात. खेळ स्वतः कसा लढतो, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. त्याचं यंत्र बहुधा पत्त्यांच्या गड्डीत असतं. दर पाळीला गड्डीतून एक-दोन पत्ते उलटतात आणि त्यांवर लिहिलेली संकटं पटावर येऊन बसतात. भिडू ती आवरत असतात, तोवर गड्डी नवी आणत असते. गड्डी संपायच्या आत आपलं काम झालं पाहिजे. वेळही संपत असते आणि संकटंही वाढत असतात. या दोन दाबांच्या मध्ये खेळ बसवलेला असतो.

ही कल्पना कालपरवाची नाही. कॅनडात जिम डीकोव्ह यांनी 1970च्या दशकापासून मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी असे खेळ केले आणि त्यावर घरगुती उद्योगही उभा केला. मोठ्यांच्या खेळात तिला मान मिळाला तो राइनर क्निझिया या जर्मन रचनाकाराने 2000 साली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर केलेल्या खेळामुळे. त्यात सगळे भिडू हॉबिट होतात आणि एका पट्टीवरून सॉरॉनची सोंगटी त्यांच्याकडे सरकत येते. अमेरिकेतले मॅट लीकॉक हा खेळ आपल्या बायकोबरोबर खेळले आणि हरल्यावरही दोघांना बरं वाटलं. त्याआधी सौदेबाजीचा एक खेळ खेळून दोघांमध्ये कडवटपणा आला होता, असं त्यांनी सांगितलं आहे. त्यातून त्यांनी ‘पॅन्डेमिक’ केला. तो 2008 साली बाजारात आला आणि सहकारी खेळ म्हटलं की जगभर आजही आधी त्याचंच नाव निघतं. म्हणजे माझ्या मित्रांचा जो प्रश्न आहे, त्याच प्रश्नातून या प्रकारातला सर्वांत गाजलेला खेळ निघाला.

तरीही त्या दोघांना मी पॅन्डेमिक सुचवला नाही. या लेखात मला मुख्यतः याचंच कारण सांगायचं आहे.

पॅन्डेमिकमध्ये पटावर जगाचा नकाशा असतो आणि चार रोग शहराशहरांत पसरत असतात. प्रत्येक भिडूला दर पाळीला चार कामं करता येतात. दुसऱ्या शहरात जायचं, तिथला रोग कमी करायचा, साथीदाराला पत्ता द्यायचा, अशी ती कामं. एखाद्या शहरात रोगाचे तीन ठोकळे असताना चौथा यायची वेळ आली, की साथ फुटते आणि शेजारच्या सगळ्या शहरांत जाते. अशी आठवी फूट झाली, की डाव संपला. खेळ उत्तम आहे. पण त्यात सगळं उघड्यावर असतं. पट दोघांना दिसतो, धोका कुठे आहे ते दोघांना दिसतं आणि कुणाच्या हातात काय आहे तेही बोलून सांगता येतं. त्यामुळे दोघांपैकी ज्याचं डोकं अशा कोड्यांत जास्त चालतं, तो दोघांचाही हिशेब मनात मांडू शकतो, आणि मांडतोच. मग तो सांगू लागतो, ‘तू आता इथे ये, हे कर, तो पत्ता मला दे.’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. डाव जिंकायचाय आणि योग्य चाल त्याला दिसते आहे, म्हणून तो बोलतो. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र सोंगट्या सरकवायचं काम उरतं. खेळणाऱ्यांच्या जगात हा दोष सर्वांना ठाऊक आहे. जो एकटाच डाव चालवू लागतो त्याला ‘अल्फा प्लेअर’ म्हणतात.

आपल्याकडे मेंढीकोट खेळलेल्यांना याची ओळख आहे. तिथे जोड्या असतात, समोरचा आपला भिडू असतो, आणि तरी सगळ्यात मोठं भांडण भिडूशीच होतं, की हुकूम आत्ता कशाला टाकलास म्हणून. एका बाजूला बसलं म्हणजे वाद मिटले असं नाही. वादाचा विषय बदलतो. स्पर्धेत ‘तू मला हरवलंस’ असं असतं, सहकारी खेळात ‘तुझ्यामुळे आपण हरलो’ असं होतं. नवरा-बायकोत हे दुसरं वाक्य जास्त झोंबतं, असं माझं मत आहे. कारण घरातल्या इतर गोष्टींतही कोण सांगतो आणि कोण ऐकतो, हा प्रश्न आधीपासून चालू असतो.

हे आपल्या घरी घडतंय का, ते ओळखायला फार वेळ लागत नाही. एकाचा हात दुसऱ्याची सोंगटी उचलू लागला, किंवा एक जण पट बघायचं सोडून ‘तूच सांग काय करू’ म्हणू लागला, की समजावं. तिथून पुढे तो एकाच माणसाचा खेळ आहे.

उपाय रचनेतच शोधावा लागतो, कारण ‘आता मी बोलणार नाही’ असं ठरवून गप्प बसणं फार वेळ टिकत नाही. ज्या खेळात एकालाच सगळं कळूच शकत नाही, तो खेळ निवडायचा. अर्धी माहिती तिच्याकडे, अर्धी त्याच्याकडे, आणि ती एकमेकांना सांगायच्या वाटा नियमांनीच अरुंद केलेल्या. मग हुशार भिडूलाही हुकूम सोडता येत नाही, कारण दुसऱ्याच्या हातात काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. मी त्या दोघांना दोन खेळ सुचवले, आणि दोन्ही घरात कागद कापून सुरू करता येतात.

पहिला खेळ वोल्फगांग वार्श यांनी केलेला, 2018चा ‘द माइंड’. पेटीत 1 ते 100 आकड्यांचे पत्ते असतात. घरी जुन्या वहीचा पुठ्ठा कापून शंभर चिठ्ठ्या करता येतात. पहिल्या फेरीत दोघांना एकेक पत्ता, दुसरीत दोन-दोन, असं वाढत बाराव्या फेरीत बारा-बारा. आपले पत्ते आपणच बघायचे. मग दोघांनी मिळून सगळे पत्ते चढत्या क्रमाने मध्ये टाकायचे, ज्याला आपली वेळ आली असं वाटेल त्याने. पाळी ठरलेली नाही. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, मनातल्या मनात सेकंद मोजत बसायचं नाही. दोघांना मिळून दोन जीव असतात. एकाने पत्ता टाकला आणि दुसऱ्याच्या हातात त्याहून लहान पत्ता निघाला, की एक जीव जातो आणि ते लहान पत्ते बाजूला काढून डाव पुढे चालतो. शिवाय सुरुवातीला एक चांदणी मिळते. दोघांनी हात वर करून होकार दिला, की ती वापरून प्रत्येकाने आपला सर्वांत लहान पत्ता उघडा बाजूला ठेवायचा. काही फेऱ्या पार केल्या, की एखादा जीव किंवा चांदणी बक्षीस मिळते.

वाचून हे अशक्य वाटतं, म्हणून एक फेरी सांगतो. तिसरी फेरी, तिच्या हातात 8, 47 आणि 90, त्याच्याकडे 12, 51 आणि 52. ती जवळजवळ लगेच 8 टाकते. तो क्षणभर थांबून 12 टाकतो. आता दोघंही थांबतात, कारण दोघांचाही पुढचा पत्ता लांब आहे. ही शांतता हीच माहिती. ती जितकी लांबते, तितकं दोघांनाही कळत जातं, की समोरच्याकडे विशीतलं काही नाही, तिशीतलंही नाही. चाळिशी ओलांडल्याच्या सुमाराला दोघांचेही हात हलू लागतात, आणि इथे खरी अडचण आहे. 47 आणि 51 यांच्यात फरक चारचाच. त्याने अर्धा क्षण आधी 51 टाकला. तिचा 47 हातातच राहिला. एक जीव गेला.

आता चूक कोणाची? त्याने घाई केली म्हणावं, तर तिने उशीर केला असंही म्हणता येतं. हे कुणालाच ठरवता येत नाही, आणि हा खेळ मी पहिला सुचवला तो त्यासाठीच. हरल्यावर दोष एका हातावर ठेवायची सोयच यात नाही. दोघांच्या गती जुळल्या नव्हत्या, एवढंच खरं असतं. काही डावांनंतर त्या जुळू लागतात. भरभर टाकणारा थोडा सावकाश होतो, रेंगाळणारा थोडा पुढे येतो, आणि कुणीही कुणाला तसं सांगितलेलं नसतं. मधेच लय तुटली असं वाटलं, तर कुणीही थांबा म्हणून तळहात मेजावर टेकवू शकतो. दुसऱ्यानेही टेकवायचा, एकमेकांकडे बघायचं आणि पुन्हा सुरू करायचं. हा नियम पेटीतलाच आहे.

या खेळाला मर्यादा आहे. तो फेऱ्याफेऱ्यांनी खूप अवघड होत जातो आणि बाराव्या फेरीपर्यंत जाणं क्वचितच साधतं. रोज खेळून त्याची गंमत टिकेल असंही मला वाटत नाही. काही लोकांना यात खेळ कुठे आहे तेच कळत नाही. दोघांपैकी एकाला तसं वाटलं, तर आग्रह करू नये.

दुसरा खेळ शब्दांचा आहे आणि मराठी घरात तो रुजावा असं मला मनापासून वाटतं. त्याचं मूळ ‘कोडनेम्स ड्युएट’, व्लादा ख्वाटिल आणि स्कॉट ईटन यांनी केलेला, 2017 साली आलेला. मूळ कोडनेम्स दोन संघांच्या चढाओढीचा आहे, ड्युएटमध्ये दोघांचा एकच संघ. पेटी इंग्रजीत मिळते, पण खेळाला लागतात ते फक्त शब्द, तेव्हा आपण आपले शब्द लिहावेत हे उत्तम.

पंचवीस चिठ्ठ्यांवर पंचवीस साधी नामं लिहायची, पाच ओळींत पाच-पाच मांडायची. प्रत्येकीच्या कोपऱ्यात 1 ते 25 आकडा टाकायचा, म्हणजे समोरासमोर बसलं तरी घोळ होत नाही. आता प्रत्येकाकडे एक गुप्त यादी हवी. त्यात नऊ शब्द हिरवे आणि तीन काळे, बाकी तेरा कोरे. हिरवे म्हणजे आपल्या साथीदाराने ओळखायचे शब्द. काळा म्हणजे असा शब्द, ज्याला साथीदाराने हात लावला की डाव तिथेच संपतो. पेटीत यासाठी दोन बाजूंची पत्रिका असते. ती दोघांच्या मध्ये उभी ठेवली, की प्रत्येकाला एकच बाजू दिसते. दोन्ही बाजूंचे तीन हिरवे शब्द समान असतात, म्हणून एकंदर शोधायचे शब्द पंधरा होतात. घरी तिसरा माणूस नसेल तर ही पत्रिका कोण करणार, असा प्रश्न येतो. त्याला एक सोपी वाट आहे. प्रत्येकाने 1 ते 25 आकड्यांच्या आपापल्या चिठ्ठ्या करून डब्यात हलवायच्या, आधी नऊ काढायच्या, त्या हिरव्या. मग तीन काढायच्या, त्या काळ्या. वहीत टिपून ठेवायचं. अशा रीतीने दोघांच्या याद्यांत सारखे निघणारे हिरवे शब्द सरासरी तीनपेक्षा किंचित जास्त येतात, म्हणजे पेटीतल्या बेताच्या अगदी जवळ. एखाद्या दिवशी एक निघेल, एखाद्या दिवशी पाच, पण त्याने खेळ बिघडत नाही.

नऊ चिंचोके मध्ये ठेवायचे. एका पाळीला एक चिंचोका जातो. पाळीत एकाने खूण द्यायची, म्हणजे एकच शब्द आणि एक आकडा. आकडा सांगतो, की खुणेशी माझ्या किती हिरव्या शब्दांचा संबंध आहे. दुसऱ्याने एकेक शब्दाला हात लावायचा. हिरवा निघाला तर त्यावर झाकण ठेवायचं आणि हवं तर पुढचा लावायचा. कोरा निघाला तर पाळी संपली. पुढच्या पाळीला खूण देणारा बदलतो. एकाचे नऊही शब्द निघाले, की त्याने तसं सांगायचं आणि पुढे फक्त दुसऱ्याने खुणा द्यायच्या. नऊ चिंचोक्यांत दोघांचेही हिरवे झाले, तर जिंकलो. चिंचोके संपले आणि शब्द उरले, तर खुणेशिवाय हात लावत जायचं, पण तेव्हा एकही चूक चालत नाही.

समजा पंचवीस शब्द असे आहेत: आंबा, रेल्वे, घाट, पाटी, राजा, पाणी, दिवा, कुलूप, होडी, मीठ, शाळा, तार, पंखा, विहीर, पतंग, सुई, कडी, नाग, ढोल, उसळ, पान, काठ, माळ, वाटी, चंद्र. तिच्या यादीत हिरवे आहेत घाट, काठ, होडी, सुई, कडी, पान, ढोल, दिवा आणि पतंग. काळे आहेत विहीर, नाग आणि राजा. ती बघते. घाट, काठ, होडी एकत्र बसतायत. ती म्हणते, ‘नदी, तीन.’

त्याने आधी होडीला हात लावला. बरोबर. मग घाट. बरोबर. आता तिसरा. तिच्या डोक्यात नदीचा काठ इतका पक्का आहे, की दुसरा शब्द असूच शकत नाही. त्याला मात्र काठ म्हणजे साडीचा काठ दिसतो आहे, कारण दोनच दिवसांपूर्वी घरात साडीखरेदी झाली होती. त्याला नदीजवळचा म्हणून पाणी दिसतं आणि विहीर दिसते. तो पाण्याला हात लावतो. कोरा. पाळी संपली. विहिरीला हात गेला असता तर डावच गेला असता.

नदी ही खूण देताना तिने घाट, काठ, होडी बघितलं, पण त्याच ओढीने आणखी कोणते शब्द येतील हे बघितलं नाही. या खेळात नव्या माणसाची सर्वांत नेहमीची चूक हीच. खूण सुचली, की बोलायच्या आधी एकदा आपल्या काळ्या शब्दांवरून नजर फिरवायची. विहीर दिसल्यावर तिने ‘नदी’ सोडून ‘गोदावरी’ म्हटलं असतं, तर विहीर आपोआप लांब गेली असती आणि काठ जवळ आला असता. किंवा तीनचा मोह सोडून ‘नावाडी, दोन’ म्हणता आलं असतं. दोन-दोनच्या खुणांनीही डाव जवळजवळ पुरा होतो, कारण काही शब्द दोघांच्या याद्यांत सारखे असतात आणि एकदाच ओळखावे लागतात.

आता त्याची पाळी. त्याच्या यादीत विहीर आणि माळ हिरव्या आहेत. तो म्हणतो, ‘शेत, दोन.’ ती माळ ओळखते आणि विहिरीपाशी अडते. विहीर तिच्या यादीत काळी आहे, मग हात कसा लावायचा? पहिल्या दोन-तीन डावांत इथे सगळेच अडतात. हात लावताना आपली यादी बघायचीच नाही. खूण ज्याने दिली, त्याची यादी खरी. तिची काळी विहीर त्याच्याकडे हिरवी असू शकते, कोरी असू शकते, काळीही असू शकते. त्याच कारणाने, तो चुकला तेव्हाचा ‘पाणी’ हा शब्दही बाद होत नाही. तिच्या यादीत तो हिरवा नाही, एवढंच कळलं. त्याच्या यादीत तो हिरवा असू शकतो आणि मग तो तिनेच ओळखायचा आहे. म्हणून चुकलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने बाण काढायचा, ज्याने हात लावला त्याच्याकडे टोक करून.

मराठीत खेळताना एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी. मेजावर असलेल्या शब्दाचं रूप खूण म्हणून चालत नाही. ‘होडी’ उघडी असताना ‘होडकं’ नाही, ‘दिवा’ उघडा असताना ‘दिवटी’ नाही. आपल्या भाषेत असे सगेसोयरे शब्द पुष्कळ आहेत आणि मधेच त्यावर वाद होतो. शंका आली, तर चालत नाही असंच धरावं. उलट विशेषनामांना मोकळीक द्यावी. एखाद्या गावाचं नाव, आत्याच्या घराचं नाव, लग्नात घडलेल्या फजितीची आठवण देणारा एखादा शब्द, ज्याचा अर्थ जगात दोघांनाच कळतो, अशा खुणा दोघांनी मान्य केल्या असतील तर वापराव्यात. इतकी वर्षं एकत्र काढलेल्या माणसांकडे हा साठा कुठल्याही पाहुण्यापेक्षा मोठा असतो.

आणि खूण देऊन झाली, की देणाऱ्याने गप्प बसायचं. हा नियम दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. साथीदाराचा हात भलत्या चिठ्ठीकडे जाताना दिसतो, तेव्हा तोंडातून ‘अं’ निघतो, भुवई वर जाते, नको तेव्हा खोकला येतो. मग ओळखणारा चिठ्ठ्यांऐवजी साथीदाराचा चेहरा वाचू लागतो आणि हुकूम सोडणारा भिडू मागच्या दाराने परत येतो. तसं होतंय असं दिसलं, तर खूण देणाऱ्याने आपल्या वहीकडेच बघत बसावं.

डाव संपल्यावर दोघांच्या वह्या उघडाव्यात. त्या वेळी ओळखणाऱ्याने आधी बोलावं, आपण पाण्याकडे का गेलो ते सांगावं. खूण देणाऱ्याने आधी सुरुवात केली, तर पहिलं वाक्य हमखास ‘अगं, काठ होता ना’ असं निघतं आणि तिथून उलटतपासणी सुरू होते. ओळखणाऱ्याने सुरुवात केली, तर ‘मला साडीचा काठ दिसत होता’ असं ऐकू येतं आणि पुढचं बोलणं त्या साडीवर जातं.

मेलमध्ये मी आणखी दोन नावं लिहिली होती. ‘हनाबी’ हा आंत्वान बोझा यांचा पत्त्यांचा खेळ, ज्याला 2013 साली जर्मनीचा मानाचा ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार मिळाला. त्यात आपले पाच पत्ते उलटे धरायचे असतात, म्हणजे आपले सोडून समोरच्याचे सगळे दिसतात. साथीदाराला रंग किंवा आकडा सांगायच्या आठच खुणा असतात. खेळ सुंदर आहे, पण या दोघांना तो मी उशिरा खेळायला सांगितला. त्यात आधी मिळालेल्या खुणा लक्षात ठेवाव्या लागतात, आणि ‘मी सांगितलं होतं, तू विसरलास’ हे वाक्य त्यातून सहज निघतं. विसरण्यावरून ज्यांच्या घरात आधीच कुरबूर आहे त्यांनी जपून घ्यावा.

दुसरा ‘स्काय टीम’, ल्यूक रेमों यांचा, 2024 सालच्या त्याच पुरस्काराचा मानकरी आणि मुळात दोघांसाठीच बेतलेला. एक जण वैमानिक, दुसरा सहवैमानिक. दोघं आपापले चार फासे आडोशामागे टाकतात आणि एकेक करून यंत्रांवर ठेवत विमान उतरवतात. फासे टाकण्याआधी हवं तितकं बोलायचं, टाकल्यावर गप्प. विमानाचा तोल दोघांच्या एकेका फाशावर असतो. दोघांच्या आकड्यांत जितका फरक, तितकं विमान कलतं आणि फार कललं की कोसळतं. त्याने सहा ठेवला आणि तिच्याकडे एक-दोनच आहेत, हे त्याला आधी कळायला वाटच नाही. डाव पंधरा-वीस मिनिटांत होतो. पैसे खर्च करायची तयारी असेल तर दोघांसाठी विकत घ्यायचा पहिला खेळ हाच घ्यावा, असं मी लिहिलं.

तिने पुढच्या उत्तरात टीव्हीवर खेळायच्या ‘इट टेक्स टू’बद्दल विचारलं. 2021चा हा व्हिडिओ गेम दोघांशिवाय सुरूच होत नाही आणि त्याची गोष्टही घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या जोडप्याची आहे. पण त्यात उड्या मारणं, नेम धरणं हे सगळं बोटांच्या सवयीवर आहे. तो लहानपणापासून असे गेम खेळत आलाय, तिने कंट्रोलर कधी हातात धरलेला नाही. एक जण कड्यावर पोचून वाट बघतोय आणि दुसरा दहाव्यांदा खाली पडतोय, हे त्यांना पहिल्या महिन्यात नको, असं मी कळवलं.

शेवटी अवघडपणाचं लिहिलं होतं. सहकारी खेळ सलग जिंकत गेले तर कंटाळा येतो, आणि सलग हरत गेले तर दोष शोधणं सुरू होतं. म्हणून चिंचोक्यांची संख्या हातात ठेवावी. पहिल्या आठवड्यात नऊऐवजी अकरा चिंचोके घ्यावेत. दोनदा जिंकलं की एक कमी करावा, दोनदा हरलं की एक वाढवावा. काळा शब्द लागून डाव चार मिनिटांत संपला, तर तो हरलेल्यांत धरू नये. त्याच चिठ्ठ्या राहू द्याव्यात, फक्त डब्यातून आकडे पुन्हा काढावेत, आणि नव्या यादीने तोच मेज पुन्हा खेळावा.